हँकेल मॅट्रिक्सच्या रँकवरून स्टेट-स्पेस मॉडेल: दोन आरसी टप्प्यांवरच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम ठरले ते असे. दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर यांची साधी शिडी आहे, दोन्ही टप्पे सारखे: १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड. सर्किटचे समीकरण मांडून मॉडेल काढायचे नाही. फक्त आउटपुटचे सॅम्पल घ्यायचे आणि त्यांतून स्टेट-स्पेस मॉडेलच्या A, B, C, D या मॅट्रिक्स काढायच्या, त्याही कमीत कमी स्टेटच्या. किती स्टेट लागतील हेसुद्धा सॅम्पलनीच सांगायचे. सर्किट मुद्दाम सोपे घेतले आहे, कारण शेवटी उत्तर पडताळून पाहता आले पाहिजे.

पद्धत जुनी आहे, बी. एल. हो आणि रुडॉल्फ काल्मान यांनी १९६६ मध्ये मांडलेली. इम्पल्स रिस्पॉन्सचे सॅम्पल `h1, h2, h3…` घ्यायचे आणि मॅट्रिक्स अशी भरायची की प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक सॅम्पल पुढे सरकलेली असेल. हीच हँकेल मॅट्रिक्स. तिची रँक म्हणजे लागणाऱ्या स्टेटची संख्या. मॅट्रिक्सचे दोन अवयव पाडले की B आणि C मिळतात, आणि एक सॅम्पल पुढे सरकवलेल्या मॅट्रिक्सवरून A.

मोजमापाला हात लावण्याआधी कागदावर एक उदाहरण सोडवायचे ठरवले.

४ फेब्रुवारी

उत्तर आधीच माहीत असलेली मालिका घेतली. तिचे पोल, म्हणजे तिचे घटक दर सॅम्पलला ज्या पटीने ओसरतात ते आकडे, ०.८ आणि ०.५ आहेत:

```
h1..h5 = 1, 1.1, 1.03, 0.899, 0.7567

H  = [1    1.1 ]      Hs = [1.1   1.03 ]
     [1.1  1.03]           [1.03  0.899]
```

H चा डिटरमिनंट −०.१८ येतो, म्हणजे रँक किमान दोन. तीन बाय तीनची मॅट्रिक्स भरली तर डिटरमिनंट बरोबर शून्य येतो. म्हणून रँक दोनच.

अवयव पाडण्याची सर्वांत सोपी रीत अशी की पहिला अवयव H स्वतः आणि दुसरा एकक मॅट्रिक्स. मग A म्हणजे H च्या इन्व्हर्सने गुणलेली Hs. इथे एक गोष्ट हाताने करून पाहण्यासारखी आहे. Hs चा पहिला स्तंभ म्हणजे H चाच दुसरा स्तंभ. दुसरा स्तंभ म्हणजे H च्या दुसऱ्या स्तंभाची १.३ पट, वजा पहिल्याची ०.४ पट. त्यामुळे इन्व्हर्स न काढताच A लिहिता येते:

```
A = [0  -0.4]    B = [1]    C = [1  1.1]    D = 0
    [1   1.3]        [0]
```

पडताळणी: `CB = 1`, `CAB = 1.1`, `CA²B = -0.4 + 1.43 = 1.03`. तिन्ही जुळले. A चे आयगेनव्हॅल्यू ०.८ आणि ०.५.

यात लक्षात ठेवायचे ते सॅम्पलच्या संख्येचे. दोन स्टेटसाठी `h1` ते `h4` असे चार सॅम्पल लागतात, कारण Hs मध्ये एक सॅम्पल जास्तीचे येते. पण रँक दोनवरच थांबते आहे हे कळायला तीन बाय तीनची मॅट्रिक्स हवी, म्हणजे `h5` पर्यंत जावे लागते. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सची रँक दोन आली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मॅट्रिक्स मोठी केल्यावरही रँक तेवढीच राहते, हा खरा पुरावा.

५ फेब्रुवारी

हेच उदाहरण प्रोग्रामला दिले आणि रँक तीन आली. दोन तास मी कोडमधली बेरीज-वजाबाकी तपासत बसलो. चूक कोडमध्ये नव्हती, मी दिलेल्या यादीत होती. यादीची सुरुवात `h0 = 0` ने केली होती आणि तो शून्य मॅट्रिक्सच्या पहिल्या घरात जाऊन बसला होता.

`h0` म्हणजे D. इनपुट त्याच क्षणी आउटपुटवर जेवढे दिसते तेवढे. त्याला हँकेल मॅट्रिक्समध्ये जागा नाही, भरताना `h1` पासूनच सुरुवात करायची. शून्य धरून तीन बाय तीनचा डिटरमिनंट ०.०३६ येतो, म्हणजे नॉइजचा लवलेश नसतानाही रँक खोटी. काढलेल्या A चे आयगेनव्हॅल्यू ०.८, ०.५ आणि ०. ही खूण नीट ओळखून ठेवावी: बाकीचे पोल अचूक आणि वर एक पोल बरोबर शून्यावर असेल, तर मालिका एका घराने सरकलेली आहे. सिस्टममध्ये खराच डिले असेल तर शून्यावरचा पोल खरा असतो. म्हणून तो डोळे झाकून काढून टाकू नये, आधी यादीची सुरुवात पाहावी.

मग आणखी एक गोष्ट केली, जी खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तेच पाच आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केले: १, १.१०, १.०३, ०.९०, ०.७६. तीन बाय तीनचा डिटरमिनंट आता शून्य नाही, −०.०००१२७ आहे. गणिताच्या भाषेत रँक तीन झाली. सिस्टम तीच आहे, मी फक्त तिसरे दशांश स्थळ गाळले.

त्या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू काढल्या: २.९६, ०.१७ आणि ०.०००२५. आता चित्र स्पष्ट होते. तिसरी व्हॅल्यू दुसरीच्या जवळपास सातशे पट लहान आहे. मोजलेल्या आकड्यांची रँक 'मोजायची' नसते, सिंग्युलर व्हॅल्यूंमधली दरी पाहून ठरवायची असते. `matrix_rank` सारखे फंक्शन कॉम्प्युटरच्या स्वतःच्या राउंडिंगइतकीच सूट देते, माझ्या मोजमापातल्या चुकीची त्याला कल्पना नसते.

७ फेब्रुवारी

सर्किट जोडले. मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एका पिनमधून ० ते ५ व्होल्टची स्टेप द्यायची आणि त्याच बोर्डाच्या दहा बिटच्या एडीसीने शेवटच्या कपॅसिटरचा व्होल्टेज वाचायचा. पूर्ण मापाला १०२३ काउंट.

इम्पल्स प्रत्यक्षात देता येत नाही, पण त्याची गरजही नाही. एका सॅम्पलइतक्या रुंदीचा पल्स म्हणजे एक स्टेप वजा एक सॅम्पल उशिराने दिलेली तीच स्टेप. त्यामुळे स्टेपच्या आउटपुटमधले लागोपाठच्या रीडिंगांचे फरक घेतले की डिजिटल मॉडेलला हवे असलेले `h1, h2…` थेट मिळतात. त्यांना सॅम्पलिंगच्या काळाने भागायचे नाही. भागले तर ते अ‍ॅनालॉग इम्पल्स रिस्पॉन्सच्या अंदाजी किमती होतात आणि मॉडेलचा गेन तेवढ्या पटीने बिघडतो.

सॅम्पलिंग दर मिलिसेकंदाला ठेवले. जितके जास्त सॅम्पल तितके चांगले, असे वाटले होते. पहिले दहा फरक काउंटमध्ये असे आले:

```
0  0  1  -1  1  0  1  0  1  1
```

यात सर्किट कुठे आहे आणि एडीसीची पायरी कुठे, हे सांगता येत नाही. दहा बाय दहाच्या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू हळूहळू उतरत गेल्या, दरी कुठेच नाही. `matrix_rank` चे उत्तर १०.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस कारण शोधण्यात गेला. सर्किटच्या छापील किमती धरून हिशेब केला. दोन्ही टप्प्यांचा RC ०.१ सेकंद, पोल सेकंदाला ३.८२ आणि २६.१८. आउटपुट सर्वांत वेगाने चढत असतानाही एका मिलिसेकंदात पूर्ण मापाच्या ०.००२७५ भाग वाढते, म्हणजे जेमतेम पावणेतीन काउंट. सुरुवातीला तर एक काउंटसुद्धा नाही. शिवाय दहा बाय दहाची मॅट्रिक्स एकोणीस मिलिसेकंदांपुरतेच पाहते, आणि वेगवान पोलचा टाइम कॉन्स्टंट ३८ मिलिसेकंद आहे. एवढ्या छोट्या खिडकीतून दोन एक्स्पोनेन्शियल जवळजवळ एकसारखे दिसतात.

दोन्ही सॅम्पलिंगसाठी नॉइज नसताना सिंग्युलर व्हॅल्यू किती याव्यात, तेही काढले:

```
  T       पहिली     दुसरी
 1 ms     0.0086    0.0007
20 ms     0.42      0.052
```

एक काउंट म्हणजे ०.००१. मिलिसेकंदाच्या सॅम्पलिंगमध्ये दुसरी व्हॅल्यू एका काउंटपेक्षाही लहान आहे, ती सापडणे शक्यच नव्हते. वीस मिलिसेकंदांवर तीच व्हॅल्यू सत्तर पटींहून मोठी होते. सर्किट बदललेले नाही आणि एडीसीही तोच आहे.

फार हळू सॅम्पल घेऊनही चालत नाही. वेगवान पोल पहिल्या एक-दोन सॅम्पलमध्येच विझतो आणि मग दुसरी स्टेट त्या दोन सॅम्पलच्या भरवशावर राहते. सर्वांत वेगवान टाइम कॉन्स्टंटमध्ये साधारण दोन सॅम्पल बसावेत आणि मॅट्रिक्सने सर्वांत हळू टाइम कॉन्स्टंटएवढा तरी काळ झाकावा, हा अंदाज मला इथे चालला.

१० फेब्रुवारी

वीस मिलिसेकंदांनी शंभर सॅम्पल, म्हणजे दोन सेकंदांची फेरी. कोड एवढाच:

```python
import numpy as np
from scipy.linalg import hankel

y = np.loadtxt("step20.txt") / 1023
h = np.diff(y)        # h[0] म्हणजे h1
N, n = 10, 2
H  = hankel(h[:N],    h[N-1:2*N-1])
Hs = hankel(h[1:N+1], h[N:2*N])
U, s, Vt = np.linalg.svd(H)
r = np.sqrt(s[:n])
O = U[:, :n] * r
R = r[:, None] * Vt[:n]
A = np.linalg.pinv(O) @ Hs @ np.linalg.pinv(R)
B, C = R[:, :1], O[:1]
```

`y[0]` हे स्टेप देण्याच्या अगदी आधीचे रीडिंग आहे. कपॅसिटरचा व्होल्टेज उडी मारू शकत नाही, म्हणून D शून्य.

सिंग्युलर व्हॅल्यूंमध्ये पहिल्या दोन ठळक आल्या, त्यानंतर ०.००३१ आणि पुढे त्याच्याच आसपासच्या. दरी दिसली. तरी तिसरी व्हॅल्यू नॉइजचीच आहे, याचा पुरावा हवा होता.

त्यासाठी आधी एक युक्ती केली, ती फसली. आउटपुट स्थिरावल्यानंतरचे रीडिंग घ्यायचे, त्यांच्या फरकांची तेवढ्याच मापाची मॅट्रिक्स भरायची आणि तिची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू हीच नॉइजची पातळी मानायची. कल्पना चांगली आहे, पण माझ्याकडे शेपटातले सगळे रीडिंग १०२३. पातळी शून्य! एडीसीचा रेफरन्स आणि स्टेप दोन्ही ५ व्होल्टचे असल्यामुळे आउटपुट मापाच्या कडेला टेकले होते आणि नॉइज वरच्या बाजूने कापला जात होता. ही युक्ती वापरायची असेल तर स्टेप मापाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबेल अशी ठेवावी. मॉडेलसाठी मी वापरतो ते पहिले वीस फरक या कडेपासून लांब आहेत, त्यामुळे मोजमाप वाया गेले नाही.

११ फेब्रुवारी

नॉइज ओळखण्याचा दुसरा मार्ग घेतला. स्टेप सोळा वेळा दिली आणि रीडिंगांची सरासरी काढली. स्वतंत्र नॉइज सोळाच्या सरासरीत चौपट कमी होतो, खरी स्टेट जागची हलत नाही. रीडिंगांमध्ये एखाद्या काउंटचा नॉइज होता म्हणूनच हे शक्य झाले. रीडिंग अगदी गोठलेले असते तर तीच राउंडिंगची चूक सोळाही वेळा आली असती आणि सरासरीने काही सुधारले नसते.

तिसरी व्हॅल्यू ०.००३१ वरून ०.०००९ वर आली. पहिल्या दोन होत्या तिथेच राहिल्या. ठरले, रँक दोन.

मनात शंका उरू नये म्हणून `n = 3` ठेवूनही मॉडेल काढले. एका फेरीवरून तिसरा पोल −०.६८ आला, सोळांच्या सरासरीवरून ०.३५. पहिले दोन पोल मात्र फारसे हलले नाहीत. ऋण पोल तर या सर्किटमधून येऊच शकत नाही: सॅम्पल केलेल्या आरसी शिडीचा प्रत्येक पोल शून्य आणि एक यांच्या मध्ये असतो. प्रत्येक मोजणीत जागा बदलणारा पोल सर्किटचा नाही.

१२ फेब्रुवारी

सगळे जमले असे वाटत असतानाच गेन चुकला. मॉडेलचा डीसी गेन `C(I − A)⁻¹B` एक यायला हवा, कारण स्थिरावल्यावर आउटपुट इनपुटएवढेच होते. आला ०.९३.

या चुकीने मला सर्वांत जास्त छळले. रँक दोन, पोल ०.९३ आणि ०.६१, दोन्ही विश्वासार्ह, मॉडेलमधून मोजलेले `h` पुन्हा जसेच्या तसे मिळतात, तरी गेन सात टक्के कमी. B आणि C चा गुणाकार, `pinv` चा टॉलरन्स, एडीसीचा रेफरन्स, सगळे पाहून झाले. दुपारी सहकाऱ्याने सहज विचारले, "अरे, दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबतोस किती? कपॅसिटर पूर्ण रिकामे होतात का?"

प्रोग्राममध्ये ०.८ सेकंद लिहिले होते. फाइल उघडून `y[0]` पाहिला: ६७ काउंट. म्हणजे मापाच्या साडेसहा टक्के व्होल्टेज स्टेप देण्याआधीच कपॅसिटरवर उरलेला होता. हळू पोलचा टाइम कॉन्स्टंट पाव सेकंदाहून जास्त आहे, तेव्हा ०.८ सेकंदांत तेवढे उरणारच. लागोपाठच्या रीडिंगांच्या फरकांत हा मूळ आकडा वजा होऊन जातो, म्हणून नजरेला आला नाही.

रँकने हे का पकडले नाही, हे समजल्यावर चूक कायमची लक्षात राहिली. उरलेला चार्ज त्याच दोन पोलच्या वेगाने ओसरतो. त्याचा वाटा `h` मध्ये मिसळला तरी एक्स्पोनेन्शियल तेच दोन राहतात, फक्त त्यांची वजने बदलतात. म्हणून हँकेल मॅट्रिक्सची रँक तीच, A चे पोल तेच आणि बिघडते फक्त B. रँक बरोबर येणे हा स्टेटच्या संख्येचा पुरावा आहे, मोजणी शून्य स्थितीतून सुरू झाल्याचा नाही.

थांबण्याचा काळ ३ सेकंद केला. सोळा फेऱ्यांना आता दीड मिनिट लागते. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: `y[0]` दोन काउंटपेक्षा जास्त असेल तर फेरी रद्द.

१३ फेब्रुवारी

नवीन सरासरी. पहिले पाच फरक काउंटमध्ये, जवळच्या पूर्णांकापर्यंत: १५, ३६, ४७, ५२, ५३. सिंग्युलर व्हॅल्यू ०.४१, ०.०५० आणि मग ०.०००९. पोल ०.९३० आणि ०.६१. गेन ०.९९.

पोलच्या बेरीज-गुणाकारावरून हाताने पडताळता येते. बेरीज १.५४, गुणाकार साधारण ०.५६८. म्हणजे प्रत्येक फरक आधीच्याची १.५४ पट, वजा त्याआधीच्याची ०.५६८ पट असा यायला हवा. ३६ आणि १५ वरून ४६.९ येतात, मोजलेले ४७. ४७ आणि ३६ वरून ५१.९, मोजलेले ५२. प्रोग्राम बाजूला ठेवूनही हे दिसते, त्यामुळे मनाला समाधान वाटले.

सर्किटशी ताळाही जुळला. हे पोल सेकंदाच्या हिशेबात ३.६३ आणि २४.७ होतात. दोन सारख्या टप्प्यांच्या शिडीत त्यांचे गुणोत्तर ६.८५ असायला हवे, इथे ६.८ आहे. दोघांच्या गुणाकारावरून RC ०.१०६ सेकंद निघतो, म्हणजे कपॅसिटर १०.६ मायक्रोफॅरडचे. काढून मीटरवर लावले तर दोन्ही तेवढेच निघाले. छापील १० वर विसंबून मॉडेल लिहिले असते तर पोल चुकले असते.

मिळालेल्या A चे आकडे चार तारखेच्या रीतीने काढलेल्या A सारखे दिसत नाहीत. ते ठीक आहे. स्टेट कोणत्या मापाने मोजायच्या हे अवयव पाडण्याच्या रीतीवर ठरते आणि या स्टेट म्हणजे दोन कपॅसिटरचे व्होल्टेज नव्हेत. पोल, गेन आणि `h` एवढेच प्रत्येक रीतीत सारखे असते.

१५ फेब्रुवारी

शेवटची परीक्षा मॉडेलने न पाहिलेल्या इनपुटवर. ६० मिलिसेकंद चालू, १०० मिलिसेकंद बंद, असे दोन सेकंद. मोजलेले आउटपुट आणि मॉडेलचे आउटपुट यांच्यात जास्तीत जास्त फरक ३ काउंट. बारा तारखेपूर्वीचे मॉडेल त्याच इनपुटवर चालवले, तर पहिल्या काही पल्सनंतर ते मोजमापाच्या सुमारे २५ काउंट खाली जाऊन तिथेच राहते. पोल दोघांचे सारखे आहेत, फरक फक्त B मध्ये आहे.

दोन्ही मॉडेल आणि सोळाही फेऱ्यांच्या कच्च्या फाइल एकत्र ठेवल्या आहेत. प्रत्येक फाइलच्या नावात सॅम्पलिंगचा काळ आणि `y[0]` लिहिला आहे.